दुसऱ्यानं केलेलं रशियन भाषांतर तपासताना: आधी अर्थ, शैली नंतर

हे लिहितेय ते नवीन लोकांसाठी, म्हणजे ज्यांना रशियन बऱ्यापैकी वाचता येतं, डिक्शनरी जवळ असली की गोष्ट कळते, आणि आता कुणीतरी म्हणालंय की माझं मराठी भाषांतर पूर्ण झालंय, जरा नजर टाकून दे की. ही "जरा नजर" कशी टाकायची ते कोणी शिकवत नाही. विद्यापीठात रशियन शिकताना आम्ही भाषांतर खूप केलं, पण दुसऱ्याचं तपासायचं कसं हे मला चुका करून करूनच कळलं.

त्यातली एक चूक आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. चार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी एका ताईंनी केलेली १४ पानांची गोष्ट माझ्याकडे आली. मी लाल पेन घेऊन बसले आणि दिसेल तिथं खूण करत गेले, एकूण ६२ खुणा झाल्या. नंतर शांतपणे मोजल्या तर त्यातल्या ५५ निव्वळ माझ्या आवडीच्या होत्या, "तथापि"च्या जागी "पण" वगैरे, आणि खऱ्या अर्थाच्या चुका फक्त ७. ताईंनी पहिली तीन पानं बघितली, सगळं आवडीनिवडीचंच आहे असं त्यांना वाटलं आणि बाकीच्या खुणा त्यांनी बाजूला ठेवल्या, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण अकराव्या पानावरची एक खरी चूक तशीच छापून आली, मूळ गोष्टीतला मुलगा परीक्षेला बसला होता आणि मराठीत तो पास झाला, आणि पुढच्याच पानावर तो नापास झाला म्हणून रडत बसलाय. वाचणाऱ्याला काय कळणार त्यातून. तेव्हापासून मी अर्थाच्या खुणा आणि शैलीच्या खुणा कधीच एका रंगात आणि एका वेळी करत नाही.

आधी कसोटी काय ते ठरवून घ्या

प्रत्येक खुणेच्या वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: रशियन वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर जे घडतं, तेच मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर घडतंय का? कोण आलं, कुणी कुणाला काय केलं, किती वाजता, झालं की होता होता राहिलं, एवढं जुळत असेल आणि तरी वाक्य मला आवडत नसेल तर तो शैलीचा विषय. जुळत नसेल तर अर्थाची चूक, मग मराठी वाक्य कितीही सुंदर असो. आणि माझंच मला नक्की ठरवता येत नसेल तर तिसरा कप्पा, शंका. या कप्प्याची लाज वाटून घेऊ नका, माझ्या कामात दर गोष्टीला पाचसहा शंका असतातच आणि त्यातल्या निम्म्या वेळा भाषांतर करणाऱ्याचंच बरोबर निघतं.

खुणांसाठी कागदावर काम असेल तर अर्थाला लाल पेन, शैलीला पेन्सिल, शंकेला नुसतं प्रश्नचिन्ह. कॉम्प्युटरवर असेल तर मी वाक्यात हात घालत नाही, बाजूला कॉमेंट टाकते आणि तिच्या सुरुवातीला "अर्थ", "शैली" नाहीतर "शंका" असा शब्द लिहिते, म्हणजे समोरच्याला आधी सगळे "अर्थ" शोधून बघता येतात.

पहिली फेरी: काही गळलंय का

या फेरीत भाषा बघायचीच नाही, फक्त मोजायचं. मूळ रशियनच्या परिच्छेदांना पेन्सिलनं नंबर द्या, मराठीच्या परिच्छेदांना द्या, दोन्ही जुळतात का बघा. मग प्रत्येक परिच्छेदातली वाक्यं मोजा. मराठीत एक वाक्य तोडून दोन केली असतील तर हरकत नाही, पण रशियनमधलं वाक्य मराठीत सापडतच नसेल तर ती सगळ्यात मोठी अर्थाची चूक, आणि ती नुसतं मराठी वाचून कधीच सापडत नाही कारण नसलेलं वाक्य खटकत नाही. असं बहुतेक वेळा होतं ते दोन वाक्यं एकाच शब्दानं सुरू होत असतील किंवा संपत असतील तेव्हा, भाषांतर करणाऱ्याची नजर वरच्या शब्दावरून खालच्या त्याच शब्दावर उडी मारते आणि मधलं राहून जातं. संवादांच्या पानावर हे जास्त होतं. रशियनमध्ये बोलणं सहसा अवतरणचिन्हात नसतं, नवीन ओळीवर आडवी रेघ मारून सुरू होतं, आणि "हो", "नाही" अशा एकेका शब्दाच्या ओळी एकाखाली एक असतात, त्यातली एक गळली की पुढचं सगळं बोलणं चुकीच्या माणसाच्या तोंडी जातं.

दुसरी फेरी: वाक्याला वाक्य लावून, फक्त अर्थ

इथं वेळ द्या. मला एका तासात मूळची चारेक पानं होतात, त्यापेक्षा जास्त व्हायला लागली की मी वाचत नाहीये, नुसती बघतेय असं समजते. रशियन पानावर फूटपट्टी ठेवते आणि एकेक ओळ खाली सरकवते. आधी रशियन वाक्य वाचायचं, मनात त्याचा अर्थ लावायचा, आणि मगच मराठी बघायचं. उलटं केलं, म्हणजे मराठी आधी वाचलं, तर डोक्यात तोच अर्थ बसतो आणि रशियनमध्येही तोच दिसायला लागतो.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. आमच्या गल्लीतले एक काका, शिरोली एमआयडीसीत नोकरी करून रिटायर झाले, तिथं जुन्या रशियन मशिनींचे कागद वाचायला म्हणून रशियन शिकले आणि आता हौसेनं गोष्टी मराठीत आणतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी शाळेवरची एक गोष्ट दिली. तिच्यातला पाच वाक्यांचा हा एक उतारा मी सरावासाठी घेतलाय. भाषांतर असं:

"अडीच वाजता शिक्षकांनी संचालकांना पाचारण केले. साशा दुसऱ्या मजल्यावर गेला. संचालकांनी दोन तास समजावून त्याला राहण्यास राजी केले. साशा मूकपणे उठला, चुकून आपली टोपी घेतली आणि जिन्यात पडला. सगळ्यांना कळले, एक रखवालदार सोडून."

पुढे जायच्या आधी नुसतं हे मराठी परत एकदा वाचा. दोन ठिकाणी मूळ न बघताही अडखळायला होतं. राजी झालेला माणूस मूकपणे उठून निघून का जातोय? आणि चुकून आपलीच टोपी कोण घेतं? अशा जागी बारीक ठिपका देऊन ठेवायचा, पण दुरुस्त करायचं नाही, कारण मूळ लेखकानंच मुद्दाम विचित्र लिहिलेलं असू शकतं. ठिपका म्हणजे इथं मूळ दोनदा बघ, एवढंच.

आता वाक्यं घेऊ. रशियन शब्द देवनागरीत लिहितेय, उच्चार थोडा इकडंतिकडं होईल.

पहिल्या वाक्यात वेळ आहे "पोलोविना व्तोरोवो". शब्दशः बघितलं तर "दुसऱ्याचा अर्धा". काकांनी "दोन" आणि "अर्धा" बघून अडीच केलं. पण रशियनमध्ये हा अर्धा म्हणजे दुसऱ्या तासातला अर्धा, एक वाजून गेलाय आणि दुसरा तास अर्धा झालाय, म्हणजे दीड. "पोलोविना त्रेत्येवो", तिसऱ्याचा अर्धा, ते अडीच. आपल्याकडे दीड आणि अडीच हे वेगळेच शब्द असल्यानं सवय झाली की हे सोपं जातं, पण तोपर्यंत गोष्टीत जिथं जिथं अर्ध्या तासाची वेळ येईल तिथं तिथं थांबून तपासाच. खूण: अर्थ.

त्याच वाक्यात पुढे "उचीतेल्या वीज्वाल दिरेक्तोर" असं आहे. शब्दांचा क्रम शिक्षक, बोलावलं, डायरेक्टर असा, म्हणून काकांनी शिक्षकांनी बोलावलं असं केलं. नवीन माणसाची ही सगळ्यात ठरलेली चूक आहे, पहिला शब्द दिसला की तोच कर्ता. रशियनमध्ये कोण करतं आणि कुणाला करतं हे शब्दाच्या शेपटीवरून कळतं, जागेवरून नाही, आपल्या "ने" आणि "ला" सारखंच. "रामाला शामनं मारलं" यात राम पहिला आहे म्हणून त्यानं मारलं असं आपण म्हणत नाही. "उचीतेल" हा मूळ शब्द, इथं त्याला "या" लागलाय, म्हणजे शिक्षकाला. आता घोटाळा असा की अनेकवचन, म्हणजे "शिक्षक लोक", ते सुद्धा लिहिताना हुबेहूब असंच दिसतं, फक्त बोलताना जोर वेगळ्या ठिकाणी येतो आणि छापताना तो जोर दाखवत नाहीत. मग ठरवायचं कसं? क्रियापदावरून. "वीज्वाल" हे एकवचनी पुल्लिंगी आहे, शिक्षक लोकांनी बोलावलं असतं तर "वीज्वाली" आलं असतं. म्हणजे बोलावणारा एकच, तो दिरेक्तोर. हेडमास्तरांनी शिक्षकाला, म्हणजे साशाला, बोलावून घेतलं. अर्थाची चूक, आणि अशी की पुढची सगळी गोष्ट उलटी होते. कर्ता क्रियापदानंतर आलेला दिसला की मी प्रत्येक वेळी शेपटी आणि क्रियापदाचं वचन तपासते, मला उत्तर माहीत असलं तरी.

"संचालक" हा शब्द मात्र मजेशीर जागी पडतो. डिक्शनरीत "दिरेक्तोर"ला संचालक मिळेल आणि ते खोटं नाही. पण गोष्ट शाळेची आहे, आणि आपल्या कोल्हापुरात संचालक म्हटलं की दूध संघाचा नाहीतर साखर कारखान्याचा संचालक डोळ्यासमोर येतो, निवडून आलेला, गाडीतून फिरणारा. शाळेतला दिरेक्तोर म्हणजे हेडमास्तर किंवा मुख्याध्यापक. कसोटी लावली तर चित्र बदलतंय, म्हणून मी याला अर्थाची खूण करते. हेडमास्तर की मुख्याध्यापक हे मात्र काकांनी ठरवायचं, ते शैलीचं. "पाचारण केले" पण शैलीचंच, अर्थ तोच राहतो, तिथं आत्ता थांबायचं नाही.

दुसरं वाक्य, "व्तोरोय एताश", दुसरा मजला. शब्दाला शब्द बरोबर आहे आणि तरी चूक आहे. रशियात जमिनीलगतच्या मजल्याला पहिला म्हणतात, आपण त्याला तळमजला म्हणतो. म्हणजे त्यांचा दुसरा तो आपला पहिला. साशा पहिल्या मजल्यावर गेला. या गोष्टीत मजल्यानं फार काही बिघडत नाही हे खरं, पण जिथं माणूस खिडकीतून उडी मारतो किंवा म्हातारी जिना चढून दमते तिथं एक मजला म्हणजे खूप झालं. आणि एकदा ठरवलं की पूर्ण गोष्टीत तसंच ठेवायला लागतं. काही लोक रशियन पद्धतच ठेवतात आणि सुरुवातीला टीप देतात, तेही चालतं, पण तो निर्णय घेतलेला पाहिजे, नकळत झालेला नको.

तिसरं वाक्य इथं सगळ्यात महत्त्वाचं. मूळ आहे "चासा द्वा उगोवारिवाल येवो ओस्तात्स्या". यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे "द्वा चासा" असतं तर दोन तास, पण आकडा मागं टाकला, "चासा द्वा", की अंदाज होतो, दोनेक तास. मराठीत "एक" शेपटीला लावला की झालं, "दोनेक", "दहाएक", इतकं तंतोतंत जुळणारं फार थोड्या ठिकाणी मिळतं. हे चुकलं तर बारीक चूक, लाल खूण करते पण शेजारी "लहान" लिहिते.

दुसरी गोष्ट मोठी. रशियन क्रियापदं बहुतेक जोडीनं येतात, एक काम चालू असल्याचं किंवा प्रयत्नाचं, दुसरं काम पूर्ण होऊन फळ मिळाल्याचं. "उगोवारिवाल" म्हणजे समजूत घालत होता, "उगोवोरिल" म्हणजे समजूत घातली आणि पटली सुद्धा. मूळमध्ये पहिलं आहे. हेडमास्तर दोनेक तास त्याला राहण्यासाठी विनवत होते. तो राजी झाला असं लेखकानं कुठंही म्हटलेलं नाही, आणि म्हणूनच पुढच्या वाक्यात साशा काही न बोलता उठून जातो. बघा, मघाशी मराठी वाचताना जो ठिपका दिला होता तो इथं येऊन सुटला.

दिवाळी अंकात छापून आलेली ती चूक हीच होती. "एक्झामेन ज्दावाल" म्हणजे परीक्षा देत होता, परीक्षेला बसला, "ज्दाल" म्हणजे पास झाला. एका "वा"चा फरक. तसंच कॉलेजच्या बाबतीत "पोस्तुपाल" म्हणजे ॲडमिशनसाठी खटपट केली, "पोस्तुपिल" म्हणजे ॲडमिशन मिळाली. दारावरच्या पाटीतही हे येतं, "नेल्ज्या" या शब्दापुढं आत येण्याचं चालू रूप, "फ्खोदीत", आलं तर आत यायला मनाई आहे, आणि पूर्ण रूप, "वायती", आलं तर आत जाणं शक्यच नाही, दार अडकलंय किंवा गर्दी आहे. म्हणून माझी पद्धत अशी की रशियन पानावरच्या भूतकाळी क्रियापदांपैकी ज्यात विनवणं, समजावणं, शोधणं, सोडवणं, पटवणं, मिळवणं असं काही आहे, म्हणजे ज्यात प्रयत्न आणि यश वेगळं असू शकतं, त्या सगळ्यांखाली रेघ मारायची आणि प्रत्येकाला विचारायचं, जमलं का नुसता प्रयत्न केला? मग मराठीला तोच प्रश्न विचारायचा. दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. "जात होता", "चालला होता" अशा साध्या हालचालीत मी एवढी ताणत नाही, तिथं मराठीत दोन्ही चालून जातं.

चौथं वाक्य. टोपीसाठी मूळ शब्द आहे "येवो शाप्कू", त्याची टोपी. स्वतःची असती तर "स्वोयू शाप्कू" आलं असतं. मराठीत हा फरक आपल्याकडे आयता आहे, "आपली टोपी" म्हणजे कर्त्याची स्वतःची, "त्याची टोपी" म्हणजे दुसऱ्या कुणाची. इंग्रजीमार्गे रशियन शिकलेल्यांना इथं जास्त त्रास होतो कारण इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. साशानं चुकून हेडमास्तरांची टोपी उचलली, एवढा तो बिथरलाय, हे लेखकाला सांगायचं होतं आणि भाषांतरात ते पार गेलं. आदरार्थी करायचं तर "त्यांची टोपी". अर्थ.

पुढे "येद्वा न्ये उपाल". "न्ये" म्हणजे नाही, "उपाल" म्हणजे पडला, आणि "येद्वा न्ये" मिळून पडता पडता वाचला. काकांनी नकार गाळून "पडला" केलं, दुसरा कुणी नकार धरून "पडला नाही" करेल, दोन्ही चूक. रशियन नकाराच्या अशा जागा ठरलेल्या आहेत, त्या वेगळ्या कागदावर लिहून टेबलापाशी लावून ठेवा. "पोका न्ये प्रिश्योल" म्हणजे तो येईपर्यंत, यातला नकार मराठीत येतच नाही. "न्ये मोग न्ये" असा दोनदा नकार आला तर अर्थ होतो केल्याशिवाय राहवलं नाही. आणि याच्या उलट, "कोणीही काहीही कधीही म्हणालं नाही" अशा वाक्यात रशियन तीनचार नकार एकापुढं एक लावतं आणि तरी अर्थ एकाच नकाराचा असतो, तिथं दोन नकारांचा होकार करायला जाऊ नका. मी तर दुसरी फेरी झाली की रशियन पानावरचे सगळे "न्ये" गोल करते आणि एकेकाचं मराठीत काय झालं ते परत बघते, एका पानाला पाचसात मिनिटं जातात.

पाचवं वाक्य: "व्स्यो पोन्याल तोल्को स्तोरोश". पण पुस्तकात ते "व्स्ये" असं छापलेलं होतं. रशियनमध्ये "यो" या अक्षरावर दोन ठिपके असतात आणि छापताना ते बहुतेक वेळा गाळतात, मग "व्स्यो", म्हणजे सगळं, आणि "व्स्ये", म्हणजे सगळे लोक, सारखेच दिसतात. परत क्रियापद मदतीला. "पोन्याल" एकवचनी, म्हणजे समजणारा एकच माणूस, तो रखवालदार. सगळं कळलं ते फक्त रखवालदाराला. काकांच्या भाषांतरात तो एकटाच अडाणी ठरला होता आणि मूळ गोष्टीत तोच एकटा शहाणा होता.

आता सगळं धरून अर्थ दुरुस्त केलेला उतारा असा होतो: "दीड वाजता शिक्षकाला हेडमास्तरांनी पाचारण केले. साशा पहिल्या मजल्यावर गेला. हेडमास्तर दोनेक तास त्याला राहण्यासाठी विनवत होते. साशा मूकपणे उठला, चुकून त्यांची टोपी घेतली आणि जिन्यात पडता पडता वाचला. सगळे कळले ते फक्त रखवालदाराला." "पाचारण" आणि "मूकपणे" तसेच ठेवलेत हे बघा. अजून शैलीला हात लावलेला नाही.

या फेरीत अजून एक प्रकार पटकन सांगते, ओळखीचे वाटणारे शब्द. "मागाझिन" म्हणजे दुकान, मासिक नाही. "फामीलिया" म्हणजे आडनाव. "देकादा" म्हणजे दहा दिवस, दहा वर्षं नाही. "अक्कुरात्नी" माणूस म्हणजे नीटनेटका. असा इंग्रजीसारखा शब्द दिसला की डिक्शनरी उघडायचीच. शक्यतो रशियन-रशियन डिक्शनरी वापरा, ओझेगोवची पुरते, नेटवर gramota.ru वर शब्द तपासता येतो, आणि एखादा शब्द खऱ्या वाक्यांत कसा येतो ते बघायला ruscorpora.ru.

सीमेवरच्या जागा

काही ठिकाणी अर्थ आणि शैलीची भिंत पातळ असते. सगळ्यात जास्त नात्यांत. रशियन "द्याद्या" म्हणजे काका सुद्धा आणि मामा सुद्धा, वर लहान मुलं कुठल्याही अनोळखी पुरुषाला द्याद्या म्हणतात. मराठीत काहीतरी एक निवडावंच लागतं. गोष्टीत पुढं कुठं आईचा भाऊ असल्याचं आलंय का ते शोधा, आलं असेल तर "काका" ही अर्थाची चूक, काहीच आलं नसेल तर भाषांतर करणाऱ्यानं निवडलंय ते राहू द्या.

तू आणि तुम्ही यांचंही तसंच. रशियनमध्ये "ती" आणि "वी" असे दोन आहेत, आणि दोन माणसं "वी" वरून "ती" वर येतात ती घटना असते, त्यांच्यात काहीतरी बदललेलं असतं. मराठीत पहिल्या पानापासून सरसकट "तू" केलं असेल तर ती घटना पुसली जाते, म्हणून अर्थ. पण "तुम्ही" की "आपण", हे शैली. अहोजाहो करणारी बायको मराठी वाचकाला सहज वाटते, आणि मूळमध्ये ती नवऱ्याला "ती" म्हणत असली तर मी शंकेत टाकते, ते भाषांतर करणाऱ्याशी बोलूनच ठरतं.

नावांचंही बघून घ्या. साशा हे पुरुषाचंही नाव असतं आणि बाईचंही. रशियन भूतकाळी क्रियापदात लिंग कळतं पण वर्तमानात नाही, आणि मराठीला तर "येतो" की "येते" ठरवल्याशिवाय वाक्यच संपवता येत नाही. गोष्टीची सुरुवात वर्तमानकाळात असेल तर पुढचं पहिलं भूतकाळी क्रियापद शोधा आणि मग मागं या.

आणि खाणं. काकांनी दुसऱ्या एका गोष्टीत बोर्श्च या बिटाच्या सूपला "तांबडा रस्सा" केलं होतं. वाचायला खूप गोड वाटलं मला, पण आपल्याकडचा माणूस तांबडा रस्सा वाचला की मटण, मिरची आणि भाकरी बघणार, बीट आणि कोबी नाही. चित्र बदललं, म्हणून अर्थ. "बिटाचं सूप" किंवा सरळ "बोर्श्च", यातलं काय घ्यायचं ते शैली.

तिसरी फेरी: शैली, आणि तीही दुसऱ्या दिवशी

मध्ये एक रात्र जाऊ द्या. मग रशियन मिटून ठेवा आणि नुसतं मराठी मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथं पेन्सिल. "पाचारण केले" इथं अडखळली, कारण आजूबाजूची भाषा साधी आहे. "मूकपणे" पण. मी शेजारी लिहिलं: "बोलावून घेतलं? आजूबाजूचं सगळं बोलीतलं आहे म्हणून." कारण लिहिणं महत्त्वाचं. प्रत्येक शैलीच्या खुणेला कारण द्यायचं, आणि "मला असं बरं वाटतं" यापलीकडे कारण सापडत नसेल तर खूण खोडायची. असं केलं की निम्म्या खुणा जातात. उरलेल्यांतही मी एका पानाला तीनच्या वर जात नाही. मोठी रशियन वाक्यं तोडलीत, "जो तो" वापरलाय, "केले" लिहिलंय का "केलं", हे भाषांतर करणाऱ्याचं घर आहे, आपण पाहुणे. फक्त एक बघायचं, जे काही निवडलंय ते पूर्ण गोष्टीत सारखं आहे का, पान ३ वर "केलं" आणि पान ५ वर "केले" असं होत असेल तर ते सांगायचं.

परत देताना

अर्थाच्या खुणांची वेगळी यादी करून वर लावा. प्रत्येकीत पान आणि ओळ, मूळ रशियन शब्द, त्याचा अर्थ तसा का ते एका वाक्यात, आणि तुमची सुचवण. शैलीची यादी त्याच्या मागं, वर लिहून की यातलं घ्यायचं ते घ्या. शंका सगळ्यात शेवटी, प्रश्न म्हणूनच.

हा सरावाचा उतारा घेऊन मी काकांकडे गेले होते, यादी दाखवून म्हटलं, "काका, हे नऊ अर्थाचे आहेत, हे दोन नुसते माझे." त्यांनी नऊही तपासले, दिरेक्तोरवर थोडा वाद घातला, डिक्शनरीत संचालकच दिलंय म्हणाले, मग शाळा आठवून मान्य केलं. "मूकपणे"चं "काही न बोलता" केलं. "पाचारण" मात्र सोडलं नाही. म्हणाले, "अगं, तो हेडमास्तर तसाच बोलणारा आहे, पुढच्या पानावर बघ की." मी पुढचं पान काढून बघितलं, हेडमास्तर खरंच जडजड शब्दांत बोलत होता. पेन्सिल खोडली.

दुरुस्त प्रत हातात आली की फक्त बदललेली वाक्यं आणि त्यांच्या पुढचं एकेक वाक्य परत रशियनशी लावून बघा. उताऱ्यात पहिल्या वाक्यात "हेडमास्तर" झालं, पण तिसऱ्या वाक्यात काकांकडून "संचालक" तसाच राहून गेला होता, आणि वाचणाऱ्याला तिथं तिसराच कुणीतरी माणूस खोलीत आल्यासारखं वाटलं असतं.